बाळंतिणीचा थायरॉइड: दोन आकडे एकत्र कसे वाचावेत

थायरॉइडचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर एकाच ओळीवर जाते. टीएसएचचा आकडा ठळक छापलेला असला तर ‘थायरॉइड निघाला’, नसला तर ‘थायरॉइड नॉर्मल’. पण त्या आकड्याच्या वर किंवा खाली छापलेला फ्री टी-४ नजरेतून सुटला, तर अर्धी गोष्ट सुटते. कधी कधी तर नेमका उलटा अर्थ हाती लागतो.

हे दोन आकडे दोन वेगळ्या ग्रंथींचे आहेत. गळ्याशी, कंठमण्याच्या जरा खाली असलेली थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन म्हणजे टी-४ हे संप्रेरक बनवते. रक्तातला जवळजवळ सगळा टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतो. अगदी नगण्य भाग, हजारात एकापेक्षाही कमी, मोकळा असतो आणि पेशींच्या उपयोगी तोच पडतो. तो फ्री टी-४. टीएसएच मात्र थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला काम करायला लावतो. पिट्युटरी ही मुकादमासारखी आहे: माल कमी पडला की तिचा आवाज चढतो, माल जास्त झाला की ती गप्प बसते. म्हणून तब्येत ठीक असो वा बिघडलेली, पिट्युटरी शाबूत असेल तर हे दोन आकडे एकमेकांच्या उलट दिशेने सरकायला हवेत. रिपोर्ट वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ते तसे सरकले आहेत का.

त्यातही पिट्युटरी फार हळवी आहे. फ्री टी-४ निम्म्यावर आला तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, ढोबळमानाने शंभरपट चढू शकतो. त्यामुळे थायरॉइडचे काम जरासे मंदावले की फ्री टी-४ अजून नॉर्मलच्या चौकटीत असतानाच टीएसएच बाहेर पडलेला दिसतो. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएचला पहिला मान मिळाला तो यामुळे.

आता एका बाळंतिणीचे रिपोर्ट क्रमाने पाहू. वय २९, पहिले बाळंतपण, माहेरी आलेली. उदाहरण नमुन्यादाखल घेतले आहे, पण आकड्यांची ही चाल डॉक्टरांच्या चांगली ओळखीची आहे. निवडण्याचे कारण असे की थायरॉइडच्या रिपोर्टचे बहुतेक नमुने या एकाच बाईच्या वर्ष-दीड वर्षात येऊन जातात. तिच्या लॅबची नॉर्मल चौकट टीएसएचसाठी ०.४ ते ४.२ आणि फ्री टी-४ साठी ०.९ ते १.७ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी आहे. प्रत्येक लॅबची चौकट थोडी वेगळी असते. काही लॅब फ्री टी-४ पिकोमोलमध्ये देतात आणि तिथे हाच आकडा साधारण तेरापट मोठा दिसतो. तिथला १५ हा इथल्या १.२ च्या आसपासचाच आहे, त्याने घाबरायचे कारण नाही.

बाळ तीन महिन्यांचे झाले तेव्हा तिला धडधड सुरू झाली. हात थरथरत, घाम येई, वजन भराभर उतरले. घरच्यांनी जागरणावर आणि अंगावर पाजण्यावर बोट ठेवले. रक्त तपासले तेव्हा टीएसएच ०.०१ आणि फ्री टी-४ २.९ निघाला. टीएसएच खाली, फ्री टी-४ वर. दोघे उलट दिशेला गेले आहेत, म्हणजे पिट्युटरी तिचे काम चोख करते आहे. रक्तात संप्रेरक जास्त झाले म्हणून ती गप्प बसली. हा हायपरथायरॉइडचा नमुना.

पण संप्रेरक जास्त का झाले, हे हे दोन आकडे सांगत नाहीत. एक शक्यता ग्रेव्हज आजाराची. त्यात शरीरातली प्रतिपिंडे थायरॉइडला सतत डिवचतात आणि ती खरोखरच जास्त संप्रेरक बनवत राहते. दुसरी शक्यता थायरॉइडायटिसची, म्हणजे ग्रंथीच्या दाहाची. थायरॉइड आपल्या पोटात दोन-तीन महिने पुरेल इतका संप्रेरकांचा साठा बाळगून असते. दाहाने पेशींना इजा झाली की हा साठा रक्तात गळू लागतो. ग्रंथी तेव्हा जास्त काम करत नसते, तिची साठवण फुटलेली असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण पाच जणींना असा थायरॉइडायटिस होतो. गरोदरपणात दबून राहिलेली प्रतिकारशक्ती बाळंतपणानंतर उसळते, हे त्याचे मूळ.

हा फरक उपचाराच्या दृष्टीने फार मोठा आहे. ग्रेव्हजमध्ये कार्बिमाझोलसारखी औषधे नवीन संप्रेरक बनणे रोखतात. थायरॉइडायटिसमध्ये नवीन काही बनतच नसते, त्यामुळे त्या गोळ्यांचा उपयोग नाही, त्रास मात्र होऊ शकतो. म्हणून डॉक्टर ग्रेव्हजची प्रतिपिंडे शोधणारी ट्रॅब नावाची तपासणी करतात, डोळे पुढे आल्यासारखे दिसतात का ते पाहतात, गळ्यावर सूज किती आहे ते चाचपतात. या बाईची ट्रॅब निगेटिव्ह आली आणि थायरॉइडायटिसकडे बोट दाखवणारी अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडे मात्र भरपूर निघाली. धडधड कमी करणारी गोळी थोडे दिवस आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी, एवढेच ठरले.

याच पायरीवर एक खोटा रिपोर्टही येऊ शकतो. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि अनेक जणी केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या सुरू करतात. शरीराला रोज लागणारे बायोटिन सुमारे ३० मायक्रोग्रॅम. या गोळ्यांत ते कधी ५, कधी १० मिलिग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या शेकडोपट. अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीची रसायने एकमेकांना पकडून ठेवायला बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते उदंड असले की यंत्राचा हिशेब चुकतो. अशा यंत्रावर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येतो. कागदावर हुबेहूब हायपरथायरॉइड, आणि बाई मात्र ठणठणीत. वजन उतरलेले नाही, नाडी शांत आहे, हात थरथरत नाहीत आणि तरी रिपोर्ट असा आला तर पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारावा. बायोटिन निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून मगच पुन्हा रक्त द्यावे. आपल्या बाईची धडधड आणि उतरलेले वजन खरे होते आणि ती असले काही घेत नव्हती, म्हणून तिचा रिपोर्टही खरा मानायला हरकत नव्हती.

सहा आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला. टीएसएच ०.०८, फ्री टी-४ ०.७.

इथे थबकायला हवे. दोन्ही आकडे खाली. संप्रेरक कमी पडले आहे तर पिट्युटरीने आरडाओरडा करायला हवा, टीएसएच चढायला हवा. तो तर तळालाच आहे. हा आकडा एकटाच, मागचा कागद न बघता वाचला तर दोन चुका होऊ शकतात. टीएसएच कमी म्हणजे हायपर, असा सरधोपट अर्थ लावणारा तिला थायरॉइड दाबणाऱ्या गोळ्या देईल. तिच्याकडे तर संप्रेरक आधीच कमी आहे. पुस्तकी वाचणारा म्हणेल, पिट्युटरीच आजारी आहे.

खरे कारण वेळेचे होते. गळून गेलेला साठा संपला. टी-४ रक्तात सुमारे आठवडाभरात निम्मा होतो, त्यामुळे काही आठवड्यांत तो चौकटीखाली गेला. पण आठवडेच्या आठवडे दबून राहिलेली पिट्युटरी इतक्या लवकर जागी होत नाही. तिला आणखी काही आठवडे, कधी महिने लागतात. ग्रेव्हजचे उपचार सुरू झाल्यावरही हेच दिसते. फ्री टी-४ नॉर्मल होऊन खाली उतरला तरी टीएसएच शून्याजवळच असतो, आणि त्याकडे पाहून गोळ्यांचा डोस वाढवला तर रुग्ण उलट्या टोकाला जातो. अशा वेळी फ्री टी-४ वर भरवसा ठेवायचा, टीएसएचवर नाही.

तरीही पिट्युटरीच्या आजाराची शंका उडवून लावण्यासारखी नाही, बाळंतिणीच्या बाबतीत तर मुळीच नाही. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून तिचा काही भाग मरू शकतो. डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून तो शीहान सिंड्रोम. अशा बाईला बहुधा दूधच येत नाही, पाळी परतत नाही, अशक्तपणा वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. तिचा फ्री टी-४ कमी असतो, पण टीएसएच कमी, चक्क नॉर्मल किंवा जरासाच वाढलेलाही असू शकतो, कारण आजारी पिट्युटरीतून येणारा टीएसएच मोजणीत भरतो पण कामाला दुबळा असतो. फक्त टीएसएच तपासला तर ‘थायरॉइड नॉर्मल’ असा शेरा घेऊन ही बाई घरी जाते. खर्च वाचवायला केलेली एकट्या टीएसएचची तपासणी बहुतेकांना पुरते, पण असा रुग्ण तिच्यातून निसटतो. बाळंतपणात रक्त चढवावे लागले होते का, हा एक प्रश्न अशा ठिकाणी मोठे काम करतो.

शीहानमध्ये आणखी एक धोका आहे. पिट्युटरी कॉर्टिसोल या संप्रेरकाची कळही चालवते. ते कमी असताना आधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर शरीराची कॉर्टिसोलची गरज वाढते आणि रुग्ण अचानक कोसळू शकतो. म्हणून दोन्ही आकडे खाली असतील आणि पिट्युटरीचा संशय असेल, तर कॉर्टिसोल तपासल्याशिवाय गोळी सुरू करत नाहीत.

आपल्या बाईला रक्तस्राव बेताचा झाला होता, दूध भरपूर होते, डोके दुखत नव्हते, आणि सहा आठवड्यांपूर्वीचा कागद फाइलमध्ये होता. त्या कागदानेच उत्तर दिले. डॉक्टर थांबले.

आणखी सहा आठवडे गेले. आता तिला थंडी वाजू लागली, बद्धकोष्ठता, अंग जड, दिवसभर झोप. टीएसएच ४२, फ्री टी-४ ०.६. पिट्युटरी जागी झाली आणि ओरडू लागली. टीएसएच वर, फ्री टी-४ खाली: हा उघड हायपोथायरॉइड, सगळ्यांत परिचित नमुना. एरवी तो आला की कारण बहुधा हाशिमोटोचा आजार असते. त्यात प्रतिपिंडांमुळे ग्रंथी हळूहळू कायमची निकामी होत जाते आणि गोळी जन्मभराची होते. या बाईच्या बाबतीत दाह ओसरून ग्रंथी सावरण्याची चांगली शक्यता होती. पण तोवर तिला असेच थंड आणि सुस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. लिव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते.

गोळी सुरू केल्यावर आठवड्याने रक्त तपासण्यात पैसे वाया जातात. फ्री टी-४ आधी सुधारतो, टीएसएच मागून रांगत येतो, आणि दोघे स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. तिची तपासणी आठ आठवड्यांनी झाली. टीएसएच ७.४, फ्री टी-४ १.२.

एक वर, दुसरा नॉर्मल. गोळी न घेणाऱ्या माणसाचा हाच रिपोर्ट असता तर त्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइड म्हटले असते. ग्रंथी दमली आहे, पण पिट्युटरीच्या जास्तीच्या रेट्याने माल पुरवते आहे, असा त्याचा अर्थ. भारतात ‘थायरॉइड आहे’ म्हणून गोळी घेणाऱ्यांत असे लोक पुष्कळ सापडतात, आणि त्यांतल्या सगळ्यांना ती लागतेच असे नाही. पहिले पाऊल म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे. मोठ्या आजारातून उठताना टीएसएच तात्पुरता वाढतो, रात्री आणि पहाटे तो दुपारपेक्षा जास्त असतो, त्यामुळे एवढी वाढ कित्येकदा आपोआप उतरते. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला, बाई गरोदर असली किंवा गरोदर राहू पाहत असली, तर पारडे उपचाराकडे झुकते. म्हाताऱ्या माणसांत टीएसएच वयानुसार थोडा वर सरकतोच. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ लोकांवर झालेल्या ट्रस्ट या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सबक्लिनिकल हायपोथायरॉइड असलेल्या या लोकांना गोळी देऊन थकवा किंवा इतर लक्षणांत काही फरक पडला नाही. थकलेल्या आजोबांचा टीएसएच ६ निघाला तर थकव्याचे कारण दुसरीकडेही शोधावे.

पण आपली बाई गोळी घेत होती, म्हणून तिच्याकरिता प्रश्न वेगळा: डोस कमी पडतो आहे, की गोळी पोटातून रक्तात नीट जात नाही? डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी दिवसाचा क्रम विचारला. सकाळी उपाशीपोटी ती थायरॉइडची गोळी घेई आणि विसरायला नको म्हणून त्याच घोटाबरोबर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही. बाळंतिणीला या दोन्ही दिल्याच जातात. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. डोस तोच ठेवला. थायरॉइडची गोळी पहाटे फक्त पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, लोह-कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी. दोन महिन्यांनी टीएसएच २.३ आणि फ्री टी-४ १.३ आला.

गोळ्यांमुळेच आणखी एक चमत्कारिक जोडी दिसते: टीएसएच २०, फ्री टी-४ १.८. दोन्ही वर. पिट्युटरीची गाठ किंवा संप्रेरकाला शरीर दाद न देणारा जन्मजात दोष अशी दुर्मीळ कारणे याला असतात, पण गोळी घेणाऱ्यांत नेहमीचे कारण साधे असते. आठवडेच्या आठवडे गोळी चुकलेली असते आणि तपासणीच्या आधीचे चार दिवस भरपाई म्हणून दोन-दोन घेतलेल्या असतात. फ्री टी-४ ताज्या गोळ्यांची साक्ष देतो, टीएसएच मागच्या दीड महिन्याची. म्हणून तपासणीच्या दिवशीची गोळीही रक्त दिल्यावरच घेणे बरे, कारण घेतल्यावर काही तास फ्री टी-४ थोडा चढलेला असतो.

गोळी सुरू होऊन वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी डोस अर्धा केला, सहा आठवड्यांनी तपासले, मग गोळी बंद करून पुन्हा सहा आठवडे थांबले. टीएसएच ३.१, फ्री टी-४ १.१. दोन्ही चौकटीत, तेही गोळीशिवाय. ग्रंथी सावरली होती. सगळ्याच जणींची सावरत नाही. काहींना गोळी कायम लागते, आणि अँटी-टीपीओ जास्त असलेल्यांना पुढच्या काही वर्षांत हायपोथायरॉइड होण्याची शक्यता राहते.

रिपोर्ट मागवताना एक गोष्ट जरूर पाहावी. ‘टी-३, टी-४, टीएसएच’ अशा स्वस्त पॅकेजमध्ये बऱ्याचदा टी-४ एकूण मोजलेला असतो, मोकळा नव्हे. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना संप्रेरकाला चिकटणारी प्रथिने वाढतात, त्यामुळे एकूण टी-४ जास्त दिसतो आणि मोकळा मात्र जिथल्या तिथे असतो. कागदावर ‘फ्री’ हा शब्द आहे का, ते वाचावे.

आणि जुने कागद टाकू नयेत. प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवशी कोणती गोळी किती चालू होती आणि बाळंतपण केव्हा झाले, हे पेनाने लिहून ठेवावे. बाळंतपणानंतर थायरॉइडायटिस होऊन गेलेल्या बाईने वर्षातून एकदा टीएसएच तपासून घ्यावा, आणि पुन्हा दिवस गेल्याचे कळताच, पहिल्याच भेटीत, डॉक्टरांना ही फाइल दाखवावी.